सौर प्रकल्पाची रोजची नोंदवही: अपेक्षित निर्मितीशी ताळा आणि कमी पडलेल्या दिवसांचा शोध

गच्चीवर सौर प्रकल्प बसवलेल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत उतरवून ठेवण्याची पद्धत असते. परंतु तो आकडा पुरेसा आहे की कमी, हे सांगणारा दुसरा आकडा त्या वहीत नसतो. आमच्याच प्रकल्पाचे उदाहरण घेतले तर, एका दिवसाला १३० युनिट ही जुलैमध्ये चांगली निर्मिती ठरते आणि नोव्हेंबरमधील स्वच्छ उन्हाच्या दिवशी तीच एका मोठ्या बिघाडाची खूण असते. म्हणून ‘आज किती युनिट झाली’ या रकान्याशेजारी ‘आजच्या उन्हात किती व्हायला हवी होती’ हा रकाना असला, तरच नोंदवहीचा उपयोग होतो. तो रकाना कसा भरायचा आणि दोन्ही आकड्यांतील फरकातून दोष कसा ओळखायचा, हे या लेखात एका खऱ्या आकाराच्या प्रकल्पाच्या आधाराने मांडले आहे.

हा प्रकल्प पुण्यातील एका गृहनिर्माण सोसायटीच्या गच्चीवर आहे आणि त्याची नोंदवही मी सांभाळतो. ५४० वॅटची ७२ पॅनेल, म्हणजे एकूण ३८.८८ किलोवॅट. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण १५ अंश कलात बसवलेली आहेत. १८-१८ पॅनेलच्या चार स्ट्रिंग, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा, आहेत आणि पॅनेलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारे २० किलोवॅटचे दोन इन्व्हर्टर आहेत, म्हणजे प्रत्येक इन्व्हर्टरवर दोन स्ट्रिंग. ही मांडणी लक्षात ठेवावी, कारण पुढे दोष शोधताना ‘चारातली एक’ आणि ‘दोनातला एक’ ही साधी विभागणीच कामाला येते.

आकडा कोणत्या मीटरचा आणि कधी घ्यायचा

पहिली चूक येथेच होते. वीज कंपनीच्या नेट मीटरवर आयात आणि निर्यात असे दोन आकडे दिसतात, आणि अनेक जण निर्यातीचा आकडा प्रकल्पाची निर्मिती समजून लिहितात. निर्यात म्हणजे सोसायटीचे पंप, लिफ्ट आणि दिवे चालून उरलेली वीज. ज्या दिवशी पंप जास्त चालला त्या दिवशी ती कमी दिसेल, पण त्यात प्रकल्पाचा काही दोष नसेल. निर्मितीसाठी इन्व्हर्टरनंतर बसवलेल्या वेगळ्या सोलर मीटरचाच आकडा घ्यावा. तो मीटर सीटीवर, म्हणजे मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरवर, चालणारा असेल, तर फलकावर गुणक लिहिलेला आहे का ते पाहावे आणि असल्यास वाचनातील फरकाला त्या गुणकाने गुणावे.

मीटरवरील एकूण चढता आकडा रोज सूर्यास्तानंतर लिहावा आणि त्यातून आदल्या संध्याकाळचा आकडा वजा करावा. वेळ सूर्यास्तानंतरची असली, की पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने काही बिघडत नाही, कारण तेव्हा निर्मिती शून्य असते. मात्र एक दिवस दुपारी चारला आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठला वाचन घेतले, तर एक दिवस खोटा कमी आणि पुढचा खोटा जास्त दिसतो. एखादे वाचन राहून गेले तर दोन दिवसांची बेरीज निम्मी-निम्मी वाटून लिहू नये. त्या दोन दिवसांची एकत्र निर्मिती त्या दोन दिवसांच्या एकत्र उन्हासमोर ठेवावी.

इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा ‘आजची निर्मिती’ हा आकडा वेगळ्या रकान्यात, दोन्ही इन्व्हर्टरसाठी स्वतंत्रपणे लिहावा. त्यांची बेरीज आणि मीटरचा आकडा यांत एक-दोन टक्क्यांचा फरक नेहमीचा असतो. अपेक्षित निर्मितीशी ताळा मात्र मीटरच्याच आकड्याचा करावा.

ऊन मोजणे

अपेक्षित निर्मिती ठरवायची तर त्या दिवशी पॅनेलवर किती ऊन पडले हे कळायला हवे. ते मोजण्याचे एकक प्रति चौरस मीटर किलोवॅट-तास. सोप्या शब्दांत सांगायचे, तर पॅनेलची क्षमता ज्या प्रमाणित प्रखरतेला मोजतात, त्या प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रखरतेचे ऊन किती तास पडले असे समजावे. दिवसाचा आकडा ५.६ असेल, तर सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन आणि दुपारचे कडक ऊन मिळून पूर्ण प्रखरतेच्या ५.६ तासांइतके झाले.

यासाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे रेफरन्स सेल. हा सिलिकॉनचा छोटा संवेदक पॅनेलच्याच चौकटीवर, त्याच कलात, सावली न येणाऱ्या जागी बसवतात आणि इन्व्हर्टरच्या डेटालॉगरला जोडतात. तो त्याच कलात असणे महत्त्वाचे आहे. आडवा ठेवलेला संवेदक डिसेंबरमध्ये कललेल्या पॅनेलपेक्षा बरेच कमी ऊन दाखवतो, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, आणि मग अपेक्षित आकडाही खोटा कमी निघतो.

संवेदकाची काच रोज, निदान एक दिवसाआड, ओल्या मऊ फडक्याने पुसावी. पॅनेल आणि संवेदक दोन्ही सारखेच मळत राहिले, तर संवेदक ‘ऊन कमी’ म्हणतो, अपेक्षित आकडा खाली येतो आणि धुळीने होणारे नुकसान वहीत कधीच उमटत नाही. प्रत्यक्ष निर्मिती अपेक्षेपेक्षा सतत जास्त येऊ लागली आणि हे प्रमाण आठवड्यागणिक वाढत गेले, तर प्रकल्प सुधारला असे समजू नये. आधी संवेदक पुसावा. आमच्या वहीत हे एकदा झाले आहे. पॅनेल धुतली गेली होती, पण धुणाऱ्या माणसाला संवेदक दाखवायचा राहिला होता.

संवेदक नसलेल्यांसाठी काय करता येते ते पुढे सांगितले आहे. महिन्याच्या सरासरी उन्हाचे तक्ते, उदाहरणार्थ पीव्हीजीआयएस या संगणकीय साधनातून मिळणारे, प्रकल्प आखताना उपयोगी असले, तरी रोजच्या ताळ्यासाठी ते घेऊ नयेत. ते अनेक वर्षांची सरासरी देतात. आज दुपारी आलेले ढग त्यांत कुठून येणार?

अपेक्षित आकडा काढणे

सर्वांत सोपे सूत्र असे: प्रकल्पाची क्षमता गुणिले दिवसाचे ऊन गुणिले परफॉर्मन्स रेशो, म्हणजे सर्व घट वजा जाऊन प्रत्यक्ष हाती येणारा हिस्सा. चांगल्या स्थितीतील प्रकल्पात हा रेशो ०.७५ ते ०.८५च्या दरम्यान असतो. परंतु तो वर्षभर एकच धरला तर महाराष्ट्रात फसगत होते. पॅनेलची क्षमता पेशींचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशामागे ती साधारण ०.३५ टक्क्यांनी घटते. तुमच्या पॅनेलचा नेमका आकडा माहितीपत्रकात पाहावा, कारण जुन्या प्रकारच्या पॅनेलमध्ये तो ०.४०च्या आसपासही असतो. एप्रिलच्या दुपारी पॅनेलचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे निव्वळ उष्णतेने निर्मिती बारा-तेरा टक्के कमी होते आणि ते नैसर्गिक असते. जानेवारीचा रेशो एप्रिलला लावला, तर एप्रिलचा प्रत्येक दिवस पाच टक्क्यांनी आजारी दिसेल.

म्हणून तापमानाचा भाग वेगळा काढावा. पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला तापमापक असेल तर उत्तमच. नसेल तर मी एक अंदाजी नियम वापरतो: पॅनेलचे दिवसभराचे परिणामकारक तापमान म्हणजे त्या दिवसाचे कमाल तापमान अधिक दिवसाच्या उन्हाची तिप्पट. कमाल ३० अंश आणि ऊन ५.६ असेल तर ३० अधिक १६.८, म्हणजे ४६.८ अंश. ढगाळ दिवशी ऊन कमी म्हणून वाढही आपोआप कमी धरली जाते. यात तीन अंशांची चूक झाली तरी निकालात फरक एकाच टक्क्याचा पडतो, त्यामुळे एवढे पुरते.

आता राहिला प्रकल्पाचा स्वतःचा गुणांक. त्यात तारांतील घट, इन्व्हर्टरची घट, पॅनेलचे वय आणि पॅनेलमधील किरकोळ तफावत हे सर्व येते. तो पुस्तकातून घेऊ नये, आपल्या प्रकल्पावर काढावा. पॅनेल नीट धुऊन, प्रत्येक स्ट्रिंगचा प्रवाह सारखा आहे याची खात्री करून, लागोपाठच्या आठ-दहा स्वच्छ दिवसांच्या नोंदी घ्याव्यात. आमच्याकडे हे जानेवारीत केले. त्यातील एका दिवसाचे गणित असे: ऊन ५.७, कमाल तापमान ३०, निर्मिती १७९ युनिट. क्षमता गुणिले ऊन झाले २२१.६. तापमानाचा घटक ०.९२३ निघाला, त्याने गुणून २०४.५ आले. १७९ भागिले २०४.५ म्हणजे ०.८७५. बाकीचे दिवसही याच्याच आसपास आले, म्हणून मधला आकडा ०.८७५ हाच गुणांक ठरवला.

संगणकावरील तक्त्यात हे पुढीलप्रमाणे मांडता येते. A मध्ये तारीख, B मध्ये मीटरवाचन, C मध्ये निर्मिती, D मध्ये ऊन, E मध्ये कमाल तापमान, F मध्ये दिवसा वीजपुरवठा बंद असलेली मिनिटे, G मध्ये अपेक्षित निर्मिती, H मध्ये प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांचे गुणोत्तर, I मध्ये सूत्राने येणारी खूण, आणि K मध्ये हाताने लिहायचा शेरा. तिसऱ्या ओळीसाठी सूत्रे अशी:

```
C3: =B3-B2
G3: =38.88*D3*0.875*(1-0.0035*(E3+3*D3-25))
H3: =IF(OR(D3<2.5,F3>30),"",C3/G3)
I3: =IF(H3="","सोडला",IF(H3<0.9,"तपासा",""))
```

वाचनाला गुणक असेल तर तो C च्या सूत्रात घालावा. ३८.८८, ०.८७५ आणि ०.००३५ हे तीन आकडे प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाचे लिहावेत.

कोणता दिवस मोजायचा आणि कोणता सोडायचा

H मधील सूत्र काही दिवस मुद्दाम वगळते, त्याचे कारण सांगायला हवे. ऊन २.५च्या खाली असेल तेव्हा प्रखरता दिवसभर इतकी कमी असते, की संवेदकाची छोटी चूकही टक्क्यांत मोठी होते आणि इन्व्हर्टरही कमी भारावर कमी कार्यक्षमतेने चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये असे दिवस बरेच येतात. त्यांच्यावरून निष्कर्ष काढायला गेलो, तर वहीत लाल खुणांचा पाऊस पडतो आणि महिन्याभरात कोणी त्यांच्याकडे पाहीनासे होते.

वीजपुरवठा खंडित झाला की बॅटरी नसलेला ग्रिडवरचा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी थांबतोच. तो बिघाड नव्हे, पण निर्मिती तर गेलेली असते. म्हणून अर्ध्या तासापेक्षा जास्त खंड पडलेला दिवस ताळ्यातून बाहेर ठेवावा आणि खंडाची वेळही शेऱ्यात लिहावी. दुपारी बाराचा एक तास स्वच्छ दिवसाच्या निर्मितीचा सहावा-सातवा हिस्सा नेतो. संध्याकाळी पाचचा तास त्यामानाने फारच थोडा नेतो. संध्याकाळी साडेपाचला चाळीस मिनिटे वीज गेली असेल, तर F मध्ये शून्य लिहून तो दिवस मोजायला हरकत नाही.

उरलेल्या दिवसांसाठी मी दोन कसोट्या ठेवतो. एका दिवसाचे गुणोत्तर ०.९०च्या खाली गेले, तर त्याच संध्याकाळी तपास सुरू करायचा. आणि मागील सात दिवसांचा मधला आकडा ०.९५च्या खाली गेला, तर कोणताही एक दिवस फार वाईट नसला तरी काहीतरी हळूहळू बिघडत आहे असे धरायचे. सरासरीऐवजी मधला आकडा घेण्याचे कारण असे, की चुकीच्या वाचनाचा एखादा दिवस सरासरीला ओढून नेतो, मधल्या आकड्याला नेत नाही. हा मधला आकडा J रकान्यात, नवव्या ओळीपासून, असा काढावा:

```
J9: =IFERROR(MEDIAN(H3:H9),"")
```

एका दिवसासाठी दहा टक्क्यांची सूट ढिली वाटेल. परंतु संवेदक, तापमानाचा अंदाज आणि ढगांमुळे होणारे चढउतार मिळून चार-पाच टक्के सहज इकडेतिकडे होतात. त्याहून घट्ट कसोटी लावून मी पाहिली आहे, आणि खोट्या खुणाच जास्त आल्या.

नोव्हेंबरमधील पाच दिवस

आता हे सर्व एका प्रसंगात पाहू. दिवाळीनंतरच्या एका आठवड्यातील सलग पाच दिवसांच्या नोंदी अशा होत्या:

| दिवस | ऊन | कमाल तापमान | अपेक्षित | प्रत्यक्ष | गुणोत्तर |
|---|---|---|---|---|---|
| पहिला | ५.६ | ३० | १७६ | १७४ | ०.९९ |
| दुसरा | ५.५ | ३० | १७३ | १७० | ०.९८ |
| तिसरा | ३.९ | २९ | १२५ | ९३ | ०.७४ |
| चौथा | ५.६ | ३० | १७६ | १३० | ०.७४ |
| पाचवा | ५.५ | ३० | १७३ | १२८ | ०.७४ |

तिसऱ्या दिवशी आभाळ आले होते. नुसती निर्मिती पाहणाऱ्याने ९३ युनिट ढगांच्या खात्यावर टाकली असती, आणि आमच्या समितीतही तसेच बोलले गेले. चौथ्या दिवशी १३० झाल्यावर ‘सुधारते आहे’ असे वाटणेही स्वाभाविक होते. गुणोत्तराचा रकाना मात्र वेगळे सांगत होता. ढगांचा परिणाम उन्हाच्या आकड्यात आधीच धरलेला असल्यामुळे अपेक्षाच १२५ वर उतरली होती, आणि तरीही ९३ हे त्याच्या तीन चतुर्थांशच होते. पुढचे दोन दिवस स्वच्छ गेले, तरी गुणोत्तर ०.७४ वरून हलले नाही.

या न हलण्याकडेच नीट पाहावे. आधीचे गुणोत्तर ०.९८-०.९९, आताचे ०.७४. दुसऱ्याला पहिल्याने भागले तर ०.७५ येते, म्हणजे नेमका एक चतुर्थांश हिस्सा गेला, आणि आमच्या प्रकल्पात स्ट्रिंग चार आहेत. एक स्ट्रिंग बंद पडली असावी हा तर्क गच्चीवर जाण्यापूर्वीच करता आला. इन्व्हर्टरच्या वेगळ्या रकान्यांनी तो पक्का केला. चौथ्या दिवशी एका इन्व्हर्टरवर ८८ युनिट होती आणि दुसऱ्यावर ४४. दुसऱ्या इन्व्हर्टरच्या पडद्यावर स्ट्रिंगनिहाय प्रवाह पाहिला, तर एकीचा दहा अँपियरच्या आसपास आणि दुसरीचा शून्य होता. इन्व्हर्टरने धोक्याचा कोणताही संदेश दिलेला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने एक स्ट्रिंग व्यवस्थित चालू होती आणि दुसरीकडून काही येतच नव्हते.

गच्चीवर त्या स्ट्रिंगच्या मार्गात दोन तारा जोडणारा एमसी-फोर कनेक्टर वितळलेला सापडला. बसवताना आतली पिन तारेवर नीट दाबली गेली नव्हती. त्यामुळे सांधा तापत राहिला आणि अखेर जळून तुटला. काळे प्लास्टिक फुगून एका बाजूने उघडले होते आणि खालच्या स्लॅबवर रुपयाएवढा काळा डाग पडला होता.

येथे एक सूचना अत्यावश्यक आहे. अशा स्ट्रिंगमध्ये उन्हात ७०० व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो, आणि प्रवाह वाहत असताना कनेक्टर ओढून काढला तर तेथे ठिणगीची सलग ज्वाळा पेटते, जी आपोआप विझत नाही. इन्व्हर्टर एसी बाजूने बंद करणे, मग डीसी आयसोलेटर बंद करणे, क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री करणे आणि त्यानंतरच सांध्याला हात लावणे, हा क्रम आहे. इन्व्हर्टर बंद केला तरी स्ट्रिंगच्या टोकांवर दाब राहतोच. त्यामुळे हे काम डीसीची माहिती असलेल्या, परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. नोंदवही सांभाळणाऱ्याने पडद्यावरील आकडे पाहून थांबावे.

गुणोत्तराच्या चालीवरून कारण ओळखणे

वरच्या प्रसंगात गुणोत्तर एका रात्रीत पडले आणि तेथेच स्थिर राहिले. अशी पायरी दिसली, की ती पॅनेलच्या एखाद्या गटाची किंवा इन्व्हर्टरची असते, आणि पायरीची उंची किती हिस्सा गेला ते सांगते. प्रत्येक दोषाची अशी स्वतःची चाल असते.

धुळीची चाल उताराची असते. परतीचा पाऊस थांबल्यानंतर गुणोत्तर ०.९९, दोन आठवड्यांनी ०.९७, महिन्याने ०.९५ असे घसरत जाते आणि धुतल्यावर किंवा एखादा जोरदार अवकाळी पाऊस पडल्यावर एकदम वर येते. शेजारी इमारतीचे बांधकाम सुरू असेल तर उतार तीव्र होतो. नुसत्या चार थेंबांच्या सरीने उलट धुळीचा चिखल होऊन गुणोत्तर आणखी खाली गेल्याचेही दिसते. कधी धुवायचे हे या उतारावरूनच ठरवावे. गुणोत्तर सहा टक्क्यांनी घसरले असेल आणि रोजची अपेक्षा १७० युनिट असेल, तर दिवसाला सुमारे १० युनिट जात आहेत. युनिटमागे १० रुपये धरले तर रोजचे १०० रुपये. एकदा धुण्याचा खर्च १५०० रुपये असेल, तर तो पंधरा दिवसांत निघतो. हेच गणित जूनच्या पहिल्या आठवड्यात केले, तर पाऊस तोंडावर असल्यामुळे थांबणे योग्य ठरते.

तिसरी चाल ओळखायला सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित असते: ढगाळ दिवशी गुणोत्तर उत्तम आणि कडक उन्हाच्या दिवशी वाईट. असे दिसले तर पॅनेलकडे पाहू नये, इन्व्हर्टरकडे आणि ग्रिडच्या दाबाकडे पाहावे. दुपारी प्रकल्प भरपूर वीज बाहेर ढकलतो, परिसरात वापर कमी असतो आणि तारांमधून उलट वाहणाऱ्या प्रवाहामुळे इन्व्हर्टरजवळचा दाब वाढतो. २३० व्होल्टच्या ऐवजी तो इन्व्हर्टरमध्ये ठरवलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे गेला, की इन्व्हर्टर स्वतःला ग्रिडपासून तोडतो, काही वेळ थांबतो, पुन्हा जोडतो आणि पुन्हा तुटतो. दिवसाच्या आलेखात दुपारच्या घुमटाऐवजी करवतीचे दात दिसतात. ज्या इमारतीत खाली कार्यालये किंवा दुकाने आहेत, तेथे हे सुट्टीच्या दिवशी जास्त होते. म्हणून शेऱ्यात वार लिहिण्याची सवय ठेवावी. उपाय इन्व्हर्टरच्या मर्यादा मनाने वाढवण्यात नाही. दाबाच्या नोंदी घेऊन वीज कंपनीकडे अर्ज करावा, आणि इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची तार अपुऱ्या जाडीची आहे का ते तपासून घ्यावे. आलेखात दात नसून घुमटाचा माथाच दुपारी दबलेला असेल, तर इन्व्हर्टर तापून स्वतःच क्षमता कमी करत असण्याची शक्यता आहे. पंखा आणि हवा जाण्याच्या जाळ्या पाहाव्यात.

चौथी चाल सावलीची. ती ऋतूबरोबर येते आणि जाते. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो. पॅनेलपेक्षा दोन मीटर उंच असलेल्या टाकीची सावली त्या दिवशी दुपारी बाराला उत्तरेकडे जवळजवळ १.८ मीटर पडते आणि सकाळी नऊला त्याहून पुष्कळ लांब. मेमध्ये बसवलेली टाकी म्हणूनच नोव्हेंबरपर्यंत निरुपद्रवी वाटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान गुणोत्तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा कमी असेल आणि आलेखात ठरावीक वेळी खळगा दिसत असेल, तर त्या वेळी गच्चीवर जाऊन उभे राहावे. कारण डोळ्यांनी दिसेल.

संवेदक नसेल तर

दोन किंवा अधिक इन्व्हर्टर असतील, तर सर्वांत स्वस्त संवेदक म्हणजे शेजारचा इन्व्हर्टरच. दोघांवर एकाच कलाची, एकाच दिशेची पॅनेल असतील, तर दोघांना ऊन सारखेच मिळते. रोज एकाची निर्मिती दुसऱ्याने भागावी. आमच्याकडे हे प्रमाण ०.९८ ते १.०२च्या आत राहते, अगदी पावसाळ्यातही. ते ०.९५च्या खाली किंवा १.०५च्या वर गेले की, ऊन किती होते हे माहीत नसतानाही, दोष कोणत्या बाजूला आहे ते कळते. या पद्धतीची मर्यादा स्पष्ट आहे: धूळ, ग्रिडचा दाब आणि खंडित पुरवठा दोघांना सारखाच बाधतो, त्यामुळे ते दोष यात उमटत नाहीत.

एकच इन्व्हर्टर असेल तर दोन-तीन किलोमीटरच्या आतील दुसऱ्या प्रकल्पाशी, दर किलोवॅटमागे किती युनिट या हिशेबाने तुलना करावी. तीही सोय नसेल तर नासा पॉवर या संकेतस्थळावर रोजच्या उन्हाचे उपग्रहाधारित आकडे मिळतात. ते आडव्या पृष्ठभागाचे असतात, मोठ्या क्षेत्राची सरासरी देतात आणि काही दिवस उशिरा येतात. म्हणून त्यांवरून एका दिवसाचा निवाडा करू नये. आठवड्याची बेरीज आठवड्याच्या बेरजेसमोर ठेवावी आणि गुणांक प्रत्येक महिन्यासाठी वेगळा काढावा. नोव्हेंबर ते मे या कोरड्या काळात आणखी एक साधी खूण चालते. मागील दहा दिवसांतील सर्वांत जास्त निर्मिती पाहावी. त्या दहांत एखादा तरी स्वच्छ दिवस असतोच. तो कमाल आकडा कारणाशिवाय पाच-सहा टक्क्यांनी खाली आला, तर ढगांचे कारण उरत नाही. जुलैमध्ये ही खूण निरुपयोगी आहे.

या पद्धतीतून काय दिसत नाही

७२ पॅनेलपैकी एक पॅनेल पूर्ण बंद झाले तरी घट १.४ टक्के होते, आणि एका पॅनेलचा एक तृतीयांश भाग, दोषी भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणाऱ्या बायपास डायोडमुळे, वगळला गेला तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हे रोजच्या एकूण आकड्यात दिसणार नाही. त्यासाठी वर्षातून एकदा स्वच्छ दुपारी चारही स्ट्रिंगचे प्रवाह एकाच वेळी मोजून परस्परांशी ताडावेत आणि शक्य असल्यास थर्मल कॅमेऱ्याने पाहणी करून घ्यावी.

गुणांक वर्षातून एकदाच, त्याच ऋतूत, पॅनेल धुऊन आणि स्ट्रिंग तपासून पुन्हा काढावा. पॅनेलच्या वयामुळे तो दरवर्षी साधारण अर्ध्या टक्क्याने खाली येणे अपेक्षित आहे. खुणा फार येतात म्हणून मधेच, मळलेल्या किंवा बिघडलेल्या स्थितीत, तो खाली आणू नये. नोव्हेंबरमधील त्या आठवड्यात मी गुणांक ०.६५ केला असता, तर वहीतील सर्व दिवस पुन्हा ‘ठीक’ दिसले असते आणि रोजची ४५ युनिट तशीच जात राहिली असती. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या स्वच्छ दिवशी जुन्याच गुणांकाने ताळा घ्यावा. आमच्याकडे सातव्या दिवशी कनेक्टर बदलला आणि आठव्या दिवसाची नोंद अशी आहे: ऊन ५.५, अपेक्षित १७३, प्रत्यक्ष १७०, गुणोत्तर ०.९८, दोन्ही इन्व्हर्टर ८६-८६. तिच्या शेऱ्यात जुन्या कनेक्टरची जागाही लिहून ठेवली आहे: दुसरा इन्व्हर्टर, दुसरी स्ट्रिंग, पूर्वेकडून सातव्या आणि आठव्या पॅनेलमध्ये. शेजारचे सांधेही त्याच हाताने बसवलेले होते, आणि पुढच्या तपासणीची सुरुवात तेथूनच करायची आहे.